चंचल मूल: औषधाआधी कान, झोप आणि डोळे

तिसरी-चौथीतल्या मुलाला शाळेच्या सांगण्यावरून तपासायला आणले की पालकांच्या तोंडी बहुधा तेच शब्द असतात. लक्ष देत नाही, जागेवर बसत नाही, सारखा शेजाऱ्याच्या खोड्या काढतो, वही अर्धी कोरी. हल्ली त्यात आणखी एका शब्दाची भर पडली आहे. मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ पाहिलेला असतो आणि आई दबकत विचारते, "ह्याला ते एडीएचडी म्हणतात ते तर नसंल ना?" जालन्यासारख्या जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वी हा शब्द पालकांच्या तोंडी क्वचितच ऐकू यायचा. तेव्हा अशा मुलाला 'वांड' म्हणत आणि विषय तिथेच मिटे. आज विचारणा होते, ही चांगली गोष्ट आहे. मात्र वर्गात न टिकणारे लक्ष ही ताप किंवा खोकल्यासारखी एक तक्रार असते, आणि एकाच तक्रारीमागे चार वेगळी कारणे असू शकतात.

भोकरदन तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या आठ वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. हा एकच मुलगा नव्हे. सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या अशा मुलांच्या अनुभवांवरून त्याचे चित्र इथे जुळवले आहे. वडील जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका सळई कारखान्यात रात्रपाळीला, आई शेतात, घरात आजी. गुरुजींनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले होते: 'अभ्यासात लक्ष नाही. सतत उठतो. दोन वेळा हाक मारल्याशिवाय बघत नाही. सांगितलेले अर्धेच करतो. पहिलीत बरा होता.'

या पाच छोट्या वाक्यांतली पहिली दोन एडीएचडीची वाटतात. तिसरे आणि पाचवे वाक्य मात्र वेगळ्या दिशेला बोट दाखवते.

एडीएचडी ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. ती एखाद्या महिन्यात सुरू होत नाही. डॉक्टर जे निकष वापरतात त्यांत अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणे असतात. मुलांमध्ये यांपैकी एका गटातली निदान सहा लक्षणे किमान सहा महिने, वयाला न शोभण्याइतकी तीव्र असावी लागतात. काही लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात. आणि ती दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात, म्हणजे शाळेतही आणि घरीही, किंवा शाळेत आणि मामाच्या गावीही. त्यातून अभ्यास, मैत्री किंवा घरातले जगणे प्रत्यक्ष बिघडलेले असावे लागते. शेवटची अट सर्वांत जास्त विसरली जाते: दुसऱ्या एखाद्या कारणाने या गोष्टींचा अधिक चांगला उलगडा होत नसावा. एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, एमआरआय नाही, 'मेंदूचा नकाशा' नाही. पैसे घेऊन असा नकाशा काढून देणारे भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावे. निदान माहितीवरून होते, म्हणून माहिती नीट घ्यावी लागते.

या मुलाच्या बाबतीत प्रश्नावली दोन प्रतींत भरून घेतली, एक गुरुजींकडून आणि एक आईकडून. अशा प्रश्नावलीत प्रत्येक लक्षणासमोर 'कधीच नाही', 'कधी कधी', 'बरेचदा' आणि 'नेहमी' असे चार पर्याय असतात आणि शेवटचे दोनच धरले जातात. गुरुजींच्या कागदावर अवधानाची नऊपैकी सात आणि चंचलतेची सहा लक्षणे आली. आईच्या कागदावर तीन आणि दोन. शाळा आणि घर यांच्यात इतका फरक पडला की थांबून विचार करायला हवा. कधी घरचे लोक सवयीने दुर्लक्ष करतात, कधी शाळेत मुलाला त्रास असतो. पण एक शक्यता साधी असते: घरातला आवाज जवळून येतो आणि वर्गातला लांबून.

आईला विचारले, टीव्ही किती मोठा लावतो? ती म्हणाली, "लई मोठा. आम्ही ओरडून थकलो." आजीने न विचारताच पुस्ती जोडली, "लेकरू रातभर घोरतंय बघा. तोंड उघडं टाकून झोपतंय. मधीच श्वास अडकल्यावानी होतं अन् दचकून कूस बदलतंय." ही गोष्ट आईला ठाऊक नव्हती असे नाही, पण दिवसभराच्या कामाने ती गाढ झोपलेली असायची आणि वडील रात्री घरी नसायचे. घोरणाऱ्या मुलाला गाढ झोप लागली आहे असे आपल्याकडे समजले जाते. सर्दी नसताना आठवड्यातले बहुतेक दिवस घोरणारे मूल मात्र तपासायला हवे.

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात अ‍ॅडिनॉइड नावाची ग्रंथी असते. तोंड उघडून ती दिसत नाही, त्यामुळे टॉन्सिलइतकी ती लोकांना माहीत नाही. लहान वयात ती मोठी असते आणि नंतर आपोआप आक्रसते. काही मुलांत मात्र ती इतकी वाढते की नाकातून श्वास घ्यायला जागा उरत नाही. मूल तोंडाने श्वास घेते, रात्री घशातली वाट थोडी थोडी बंद होते, प्राणवायू किंचित घसरतो, मेंदू अर्धवट जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. असे रात्रीतून कित्येकदा घडते आणि सकाळी मुलाला त्यातले काही आठवत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तासांची झोप हवी. हा मुलगा रात्री नऊला झोपून सकाळी साडेसहाला उठायचा. घड्याळाच्या हिशेबाने झोप पुरेशी होती, पण ती तुटक होती.

झोप कमी पडलेला मोठा माणूस पेंगतो. मूल बहुधा उलटे वागते. ते चळवळे, चिडके आणि उतावीळ होते, जणू स्वतःला जागे ठेवण्यासाठीच हालचाल करत असते. म्हणून झोपेचा आजार वर्गात अतिचंचलतेचे सोंग घेऊन येतो. सकाळी डोके दुखणे, उठताना कटकट, झोपेत डोक्याला घाम, बरी झालेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येणे, ही त्याची इतर चिन्हे आहेत.

त्याच ग्रंथीचा दुसरा उपद्रव कानात होतो. घशाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते आणि ती कानातली हवा खेळती ठेवते. अ‍ॅडिनॉइडमुळे तिच्या तोंडाशी सूज आली की कानातली हवा शोषली जाते, पडद्यामागे पाणी साचते आणि पुढे ते डिंकासारखे घट्ट होते. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप येत नाही. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मूल पूर्ण बहिरे झालेले नसते, फक्त त्याच्या कानात कुणी बोळा घातल्यासारखे असते. शिवाय हा बोळा कायमचा नसतो. सर्दीत वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो. मुलाला एक दिवस ऐकू येते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. मोठ्या माणसांना याचा एकच अर्थ लागतो: 'ऐकू येतं त्याला, मुद्दाम करतो.' अशा मुलांना मारही बसतो.

या मुलाच्या कानाचे पडदे दोन्हीकडे निस्तेज आणि पिवळसर दिसले. ध्वनिबंद खोलीत हेडफोन लावून श्रवणचाचणी केली, तेव्हा उजव्या कानाने पस्तीस आणि डाव्याने तीस डेसिबलपर्यंतचे आवाज टिपले नव्हते. ही सौम्य श्रवणहानी, पण 'सौम्य' या शब्दाने फसू नये. समोरासमोरचे बोलणे साधारण 60 डेसिबलचे असते, तेवढे त्याला कळायचे, म्हणून घरी अडचण कमी. वर्गात मात्र अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. त्यात पत्र्याच्या छतावरचा पाऊस, शेजारच्या वर्गातले पाढे आणि पाठमोऱ्या गुरुजींनी फळ्याकडे तोंड करून सांगितलेली गोष्ट. स्वर जोरकस असतात, ते पोचतात. 'स', 'थ', 'फ', 'ख' यांसारखी क्षीण व्यंजने गळून पडतात. 'साठ' सांगितले तरी 'आठ' ऐकू येते. मग उत्तर चुकते, वर्ग हसतो, मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, त्याला टोचून विचारते आणि गुरुजींच्या नोंदीत 'खोड्या काढतो' असे लिहिले जाते.

श्रवणचाचणीबरोबर टिम्पॅनोमेट्री नावाची एक छोटी चाचणी होते. कानात हवेचा दाब किंचित बदलून पडदा किती हलतो हे पाहतात. निरोगी कानात आलेखाला शिखर येते. या मुलाच्या दोन्ही आलेखांच्या रेषा सपाट होत्या, म्हणजे पडद्यामागे पाणी होते. यंत्र हाताशी नसेल तर गावातले डॉक्टर मुलाच्या मागे, हातभर अंतरावर उभे राहून दुसरा कान बोटाने चोळत तीन आकडे कुजबुजतात आणि ते म्हणायला सांगतात. नीट म्हणता आले नाही, तर मुलाला पुढे पाठवायलाच हवे. म्हणता आले म्हणून कान निर्दोष ठरत नाहीत. हा बोळा उद्या परत असू शकतो.

पडद्यामागे पाणी दिसले की लगेच शस्त्रक्रिया नसते. बहुसंख्य मुलांत ते काही आठवड्यांत आपोआप जाते, म्हणून सहसा तीन महिने वाट पाहतात. अँटिबायोटिकचे कोर्स, 'कान साफ करणे', तेल, थेंब यांनी ते पाणी जात नाही. या मुलाला नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे दिला, तो अ‍ॅडिनॉइडची सूज आणि घोरणे कमी करण्यासाठी. शाळेला एक चिठ्ठी दिली: पहिल्या बाकावर बसवा, बोलताना त्याच्याकडे तोंड करा, सूचना त्याच्याकडून एकदा वदवून घ्या. एवढ्यानेच गुरुजींना फरक दिसू लागला. तीन महिन्यांनी रेषा सपाटच होत्या, घोरणे थोडेच कमी झाले होते. मग मोठ्या रुग्णालयात अ‍ॅडिनॉइड काढून दोन्ही पडद्यांत ग्रोमेट नावाच्या बारीक नळ्या बसवल्या. त्या साधारण वर्षभरात आपणहून गळून पडतात.

दोन महिन्यांनी गुरुजींकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. अवधानाची लक्षणे सातवरून दोनवर आली, चंचलतेची सहावरून एकवर. मागे पडलेला अभ्यास मात्र ग्रोमेटने भरून येत नाही. दीड-दोन वर्षे अर्धवट ऐकलेली बेरीज-वजाबाकी पुन्हा शिकवावी लागली. एक काळजीही घ्यावी लागते: कान आणि झोप सुधारूनही लक्षणे राहिली, तर 'दुसरे कारण सापडले होते' म्हणून एडीएचडीचा विचार सोडायचा नाही. एकाच मुलाला घोरणे आणि एडीएचडी दोन्ही असू शकतात.

डोळ्यांबाबत थोडक्यात. लांबचे कमी दिसणारे मूल फळ्यावरचे उतरवताना चुकते आणि शेजाऱ्याचे बघून लिहिते. ते शाळेच्या तपासणीत तक्त्यासमोर उभे केले की सहज सापडते. जवळचे अंधुक दिसणारे मूल मात्र त्या तपासणीतून सुटते, कारण लहानपणी डोळा जोर लावून लांबचा तक्ता वाचून दाखवतो. पुस्तक उघडल्यावर दहा मिनिटांत डोके दुखते, ओळी हलतात आणि मूल उठून जाते. म्हणून वाचायला बसल्यावरच चुळबुळ करणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून चष्म्याचा नंबर पाहायला हवा. आणखी एक अपवाद लक्षात ठेवावा. बोलता-बोलता मध्येच पाच-दहा सेकंद शून्यात पाहून जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होणारे मूल स्वप्नाळू नसते. तो फिटचा एक सौम्य प्रकार असू शकतो. डॉक्टर मुलाला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, तेव्हा तसाच झटका समोर दिसतो.

जालन्यात एक कारण खास इथले आहे. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले बरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे राहतात. गाडीत बसून आई गेली की राहिलेल्या मुलीचे पोट दुखू लागते. ती दाराकडे पाहत बसते, झोप लागत नाही, वर्गात खिडकीबाहेर पाहते. नखे कुरतडते, सारखे 'लघवीला जाऊ का' विचारते. हे बाहेरून चंचलपणासारखेच दिसते, पण कॅलेंडर पाहिले तर उलगडा होतो. जूनपासून दिवाळीपर्यंत ती ठीक होती, नोव्हेंबरात बिघडली. एडीएचडीला दिवाळी कळत नाही. चिंतेने लक्ष उडालेल्या मुलाला विचारावे, 'डोक्यात काय चाललंय?' तर बहुधा एक ठरावीक विचार सापडतो: आई आजारी पडली तर, ट्रॅक्टर उलटला तर. एडीएचडीतले मूल म्हणते, 'काहीच नाही', किंवा एका दमात पाच गोष्टी सांगते.

अशा मुलीला गोळीची गरज नसते. रोज ठरलेल्या वेळी आईचा फोन, निजायला आजीजवळ जागा, दिवाळी ते परतीचा दिवस यांची भिंतीवर खुणावलेली तारीख, आणि पोट दुखले तरी शाळेत जाण्याचा नेम. पोटदुखीच्या नावाखाली घरी थांबू दिले की भीती वाढते. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, शाळा पूर्ण सुटली किंवा ती मरणाच्या गोष्टी बोलू लागली, तर मानसोपचाराची मदत घ्यावी. घरबसल्या 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

तपासणी सुरू कुठे करायची हा प्रश्न राहतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याची फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. दृष्टी, श्रवण आणि एडीएचडी या तिन्हींचा त्यांच्या यादीत समावेश आहे. गुरुजींनी पथकाला नुसते 'हा खोडकर आहे' न सांगता गुणवार नोंद दाखवली, तर पथकाचे काम सोपे होते: कधीपासून, कोणत्या तासाला, मागून हाक मारल्यावर वळतो का, वाचताना उठतो की सांगताना. ज्या मुलाला पुढे पाठवायचे, ते उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात मोफत तपासले जाते. वर्षातून एकदाच्या तपासणीत हिवाळ्यातला कान उन्हाळ्यात कोरडा दिसू शकतो, ही या व्यवस्थेची मर्यादा. त्यामुळे तक्रार असेल तर पथकाची वाट न पाहता मुलाला घेऊन जावे.

कान, डोळे आणि झोप पाहून झाली, ताण शोधून झाला, आणि तरीही लहानपणापासून, घरी-शाळेत दोन्हीकडे लक्षणे तशीच आहेत, तर ते मूल एडीएचडीचेच आहे. त्याला नाकारणेही तितकेच वाईट. शांतपणे खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुली तर सर्वांत जास्त सुटतात, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलात सुरुवात आईवडिलांना वागणुकीचे प्रशिक्षण देऊन होते. त्यापुढच्या वयात त्याच्या जोडीला मिथाइलफेनिडेट हे औषध वापरतात. ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित असल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मिळूही नये.

या औषधाबाबत एक सापळा आहे. 'देऊन बघू, फरक पडला तर एडीएचडी' असे काही जण म्हणतात. हे औषध एडीएचडी नसलेल्या माणसाचेही लक्ष काही काळ वाढवते. म्हणून फरक पडला, एवढ्यावरून निदान सिद्ध होत नाही. त्या भोकरदनच्या मुलालाही त्या गोळीने चार तास बरे बसता आले असते, आणि कानातले पाणी तसेच राहिले असते. निदान पक्के झाल्यावर ती सकाळी 5 मिलिग्रॅमपासून सुरू करतात, आठवड्या-आठवड्याने वाढवतात. भूक मंदावते, म्हणून सकाळचा नाश्ता गोळीआधी द्यावा आणि रात्रीचे जेवण उशिरा असले तरी भरपेट. झोप उडू नये म्हणून शेवटची गोळी दुपारनंतर देत नाहीत. घरात कुणाला तरुणपणी अचानक मृत्यू आला असेल किंवा मुलाला धावताना चक्कर येत असेल, तर गोळी सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना सांगावे. मग दर तीन ते सहा महिन्यांनी वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब मोजला जातो, आणि निदान वर्षातून एकदा गोळी काही दिवस थांबवून तिची अजून गरज आहे का हे पाहिले जाते. त्या दिवसांत मुलगा कसा वागला हे गुरुजींना विचारायचे असते, त्यामुळे ही विश्रांती शाळा चालू असतानाच ठेवावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत फरक कळत नाही.